आजींच्या चेहऱ्यावरची त्वचा परत आणताना

घरातल्या मोठ्या माणसाचा फोटो भिंतीवर लावायची वेळ येते, तेव्हा हल्ली हाती लागतो तो बहुतेकदा एखाद्या लग्नात नातवाने काढलेला सेल्फी. फोटो प्रसन्न असतो, आजी हसत असतात, पण गाल आणि कपाळ प्लॅस्टिकचं वाटतं. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात ब्यूटी मोड चालू राहिलेला असतो. असा फोटो १२ बाय १८ इंचाला मोठा केला की चेहरा अधिकच परका दिसतो, आणि मग घरची माणसं स्टुडिओत येऊन म्हणतात, "आई अशी नव्हती हो दिसत."

ब्यूटी मोड आधी चेहरा ओळखतो आणि मग त्वचेवरचे लहान फरक पुसतो. भुवई, पापणी, ओठांची कड यांसारखे मोठे फरक तो तसेच ठेवतो. त्यामुळे डोळे धारदार आणि गाल सपाट असा विचित्र मेळ तयार होतो. खात्री करायची तर मान, कानाची पाळी आणि हात पाहावेत. तिथे सुरकुत्या आणि फोटोचा बारीक दाणा दिसत असेल आणि गालावर काहीच नसेल, तर पुसापुशी मोडानेच केलेली असते. पुसलेला तपशील त्या फाइलमध्ये उरलेला नसतो. शार्पनेस कितीही वाढवला तरी तो परत येत नाही, फक्त भुवया आणखी काट्यासारख्या होतात. तो तपशील दुसरीकडूनच आणावा लागतो.

बहुतेक जण इथे एक चूक करतात. त्वचा म्हणजे रंध्रं असं समजून सगळ्या चेहऱ्यावर बारीक नॉइज टाकतात. चेहरा रवा भुरभुरल्यासारखा दिसतो आणि त्या खालचं प्लॅस्टिक तसंच राहतं. याचं कारण असं की भिंतीवरचा फोटो आपण पाच-सहा फुटांवरून पाहतो आणि तिथून रंध्रं दिसतच नाहीत. दिसतात ते दोन ते आठ मिलिमीटर आकाराचे चढउतार: डोळ्यांखालची हलकी फुगवटी, गालाच्या हाडावरची असमान छटा, हसण्याच्या रेषेजवळची घडी. चेहरा जिवंत वाटतो तो मुख्यतः यांच्यामुळे, आणि ब्यूटी मोडाने सर्वांत जास्त नुकसान यांचंच केलेलं असतं.

म्हणून त्याच व्यक्तीचा दुसरा फोटो मागायचा. आजींच्या बाबतीत तीन-चार वर्षांपूर्वीचा, मागच्या कॅमेऱ्याने अंगणात काढलेला फोटो बहुधा सापडतो. चेहऱ्याचा कोन साधारण सारखा हवा आणि उजेड त्याच बाजूने आलेला हवा. प्रत्येक सुरकुतीला एक उजळ आणि एक काळी कड असते, त्यामुळे उजेड उलट बाजूचा असेल तर उंचवटे खड्ड्यांसारखे दिसू लागतात. फोटो आडवा उलटवून उजेड जुळवायचा मोह होतो, पण मग डाव्या गालावरचा तीळ उजवीकडे जातो आणि घरच्यांना तो पहिल्या नजरेत खटकतो. दुसऱ्या कुणाची त्वचा मात्र वापरू नये. सत्तरीच्या बाईच्या गालावर तिशीतली रंध्रं बसत नाहीत, आणि बसवली तरी तो चेहरा तिचा राहत नाही.

काम मोफत मिळणाऱ्या गिम्पमध्ये होतं. पहिल्यांदा सेल्फी छपाईच्या मापाला मोठा करायचा. इंचाला २०० पिक्सेल धरले तर १२ बाय १८ साठी २४०० बाय ३६०० पिक्सेल लागतात. पोत नंतर बसवायचा, कारण आधी बसवून फोटो मोठा केला तर तोही पसरट होतो. आता दोन बाहुल्यांमधलं अंतर मोजायचं. मोठ्या माणसात ते साधारण ६ सेंटिमीटर असतं. फोटोत ते ४८० पिक्सेल भरलं, तर एका मिलिमीटरला ८ पिक्सेल झाले. पाव मिलिमीटरचं रंध्र २ पिक्सेलचं हवं, हे यावरून कळतं आणि अंदाजाने चाचपडावं लागत नाही.

मग जुना फोटो वरच्या थरावर ठेवून त्याच्या बाहुल्या खालच्या बाहुल्यांवर येतील इतका लहानमोठा करायचा, फिरवायचा, आणि Warp Transform ने गालाच्या रेषा जुळवायच्या. त्याचा रंग काढून तो राखाडी करायचा. त्यानंतर Filters > Enhance > Wavelet decompose उघडून पातळ्यांची संख्या ६ ठेवायची. गिम्प त्या चेहऱ्याचे थर वेगळे करतो: Scale 1 मध्ये सर्वांत बारीक दाणा, Scale 6 मध्ये मोठे चढउतार आणि Residual मध्ये उरलेला उजेड व आकार. Residual पुसून टाकायचा, कारण उजेड आणि आकार आपल्याला सेल्फीचाच हवा आहे. बाकीचे थर गटाबाहेर काढून सेल्फीवर ठेवायचे. गालांना जुन्या चेहऱ्याचा पोत लगेच मिळतो. डोळे, ओठ, दात, केस आणि चेहऱ्याची कड मास्क लावून झाकायची, नाहीतर तिथे दुहेरी रेषा उमटतात. Scale 4 ते 6 साधारण ७० ते ८० टक्के आणि 2 व 3 सुमारे ५० टक्के अपारदर्शक ठेवून सुरुवात करावी.

Scale 1 मात्र मी बहुधा बंदच ठेवते. जुन्या फोटोच्या या थरात त्वचेपेक्षा जेपेगचे चौकोन जास्त असतात. त्याऐवजी 808080 या राखाडी रंगाचा थर घेऊन त्यावर एकरंगी नॉइज टाकावा, अर्ध्या-पाऊण पिक्सेलने धूसर करावा आणि मोड Overlay ठेवावा. त्याचं प्रमाण सेल्फीतल्या मानेशी ताडून पाहावं. मानेवरचा आणि गालावरचा दाणा सारखा दिसला की थांबावं.

यानंतर रंग. ब्यूटी मोड वर्ण उजळ करतो आणि एकसारखाही करतो. खऱ्या चेहऱ्यात नाक, गाल आणि कान जरा लालसर असतात, डोळ्यांखाली सावळेपणा असतो. नव्या थरावर LCh Color मोडमध्ये मानेजवळचा रंग उचलून, १०-१५ टक्क्यांच्या मऊ ब्रशने तो फरक परत आणावा. आपल्याकडच्या जुन्या पिढीतल्या बायकांच्या बाबतीत इथे एक गोष्ट हमखास तपासते, ती म्हणजे गोंदण. कुंकू ठळक असल्याने टिकतं, पण कपाळावरचं किंवा हनुवटीवरचं फिकट हिरवट गोंदण डाग समजून मोडाने पुसलेलं असतं. थर राखाडी असल्यामुळे त्याचा आकार परत येतो, हिरवटपणा येत नाही. तो जुन्या फोटोतून रंग उचलून हाताने भरावा लागतो. हे काम राहिलं तर बाकी सगळं जमूनही घरच्यांना तो चेहरा आपल्या आईचा वाटत नाही.

पडद्यावर खूप जवळून पाहत बसलं की पोत नेहमीच जास्त होतो. म्हणून चेहऱ्याचा एक तुकडा खऱ्या मापात ४ बाय ६ च्या कागदावर छापून पाच फुटांवरून पाहावा. त्वचा वेगळी नजरेत भरत असेल, तर सगळे थर थोडे खाली आणावेत.

या पद्धतीची हद्दही आहे. काही फोन हनुवटी निमुळती करतात आणि डोळे मोठे करतात. जुना फोटो बाहुल्यांवर बसवल्यावर जबडा फार बाहेर आला, तर तसं झालंय असं समजावं. तेव्हा पोत बसवण्यात अर्थ नाही. कपड्यांची आणि हसण्याची हौस सोडून तो जुना फोटोच मोठा करावा, असं मी स्पष्ट सांगते.

स्टुडिओत जाताना सेल्फीसोबत मागच्या कॅमेऱ्याने काढलेले दोन-तीन फोटो न्या, आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायचे असतील तर फोटो म्हणून नाही, डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ज्यांची माणसं आज सोबत आहेत त्यांनी फोनच्या पुढच्या कॅमेऱ्याची सेटिंग आजच उघडावी आणि ब्यूटी मोड शून्यावर आणावा.