कार्बनचा हिशेब जुळतो का?

बारावीच्या जीवशास्त्राच्या जुन्या प्रश्नपत्रिकेत वनस्पतिशास्त्राचा विभाग वेगळा असे आणि त्याच्या शेवटी सात गुणांचा मोठा प्रश्न येई. प्रकाशसंश्लेषण आणि श्वसन या दोन प्रकरणांवरचे प्रश्न तिथे वारंवार भेटतात. केल्विन चक्राचं वर्णन करा, ग्लायकोलायसिसचे टप्पे आराखड्यात दाखवा, अशा धर्तीचे. पुढे अभ्यासक्रम बदलला आणि ही दोन्ही प्रकरणं अकरावीत गेली, पण नीटच्या तयारीत आणि बीएस्सीच्या पेपरात हेच प्रश्न वेगळे कपडे घालून येतात. म्हणून जुने पेपर अजूनही उपयोगी आहेत.

ते वाचताना एक गोष्ट लक्षात येते. प्रश्न टप्पे मागतो, आणि मुलं बहुधा नावं लिहितात. रुबिस्को, पीजीए, पीजीएएल अशी बाणांनी जोडलेली रांग पानावर उतरते. पण किती रेणू आत आले, किती बाहेर पडले, ऊर्जा कुठे खर्च झाली, हे तिच्यात नसतं. अशा उत्तरात एखादी पायरी राहून गेली तर लिहिणाऱ्याला कळण्याचा मार्गच उरत नाही. माझं म्हणणं इतकंच आहे की प्रत्येक पायरीशेजारी कार्बनच्या अणूंची संख्या लिहावी. कार्बन वाटेत नाहीसा होत नाही, त्यामुळे हिशेब चुकला की चूक तिथल्या तिथे सापडते.

केल्विन चक्र घेऊन पाहू. मेल्विन केल्विन, अँड्र्यू बेन्सन आणि जेम्स बॅशॅम यांनी ते उलगडलं आणि केल्विनना १९६१ साली रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. त्यांनी हरित शैवालाला किरणोत्सारी कार्बन-१४ असलेला कार्बन डायऑक्साइड दिला, काही सेकंदांत पेशी उकळत्या अल्कोहोलमध्ये टाकून सगळ्या क्रिया थांबवल्या आणि तो खुणेचा कार्बन कोणत्या संयुगात पोचला ते शोधलं. म्हणजे कार्बनचा माग काढणं हीच या चक्राच्या शोधाची रीत होती. उत्तर लिहितानाही तीच रीत वापरायची आहे.

उत्तराची सुरुवात जागेपासून करावी: ही क्रिया हरितलवकाच्या पीठिकेत, म्हणजे स्ट्रोमात होते, आणि तिला लागणारे एटीपी व एनएडीपीएच प्रकाश-अभिक्रियेतून येतात. मग ग्लुकोजचा एक रेणू तयार करायचा आहे असं धरून पहिला टप्पा लिहावा. कार्बन डायऑक्साइडचे ६ रेणू आरयूबीपी या पाच कार्बनी शर्करेच्या ६ रेणूंना जोडले जातात. हे काम रुबिस्को हे विकर करतं. जोडणीतून बनणारं सहा कार्बनी संयुग अस्थिर असतं, ते लगेच दुभंगतं आणि तीन कार्बनी पीजीएचे १२ रेणू मिळतात. आता मोजा. आत आले ६ आणि ३० मिळून ३६ कार्बन. हाती आहेत बारा त्रिक ३६. जुळलं.

दुसरा टप्पा क्षपणाचा. बाराही पीजीए प्रत्येकी एक एटीपी घेऊन १,३-बिसफॉस्फोग्लिसरिक आम्ल होतात, मग प्रत्येकी एक एनएडीपीएच घेऊन पीजीएएल होतात. खर्च झाले १२ एटीपी आणि १२ एनएडीपीएच. कार्बन ३६ होते, ३६च राहिले. या १२ पीजीएएलपैकी फक्त २ रेणू बाहेर पडतात आणि त्यांच्यापासून पुढे सहा कार्बनांचं ग्लुकोज बनतं.

खरी गफलत इथून पुढे होते. ग्लुकोज मिळालं की मुलांना उत्तर संपल्यासारखं वाटतं. पण चक्र म्हटलं की सुरुवातीचा पदार्थ परत मिळायला हवा. उरलेल्या १० पीजीएएलमध्ये ३० कार्बन आहेत. त्यांची चार, सहा, सात कार्बनी शर्करांमधून जोडतोड होते आणि शेवटी पाच कार्बनी शर्करेचे ६ रेणू उरतात. सहा पंचे तीस. त्यांना आरयूबीपी व्हायला आणखी ६ एटीपी लागतात. हा पुनर्निर्मितीचा टप्पा. मधल्या सगळ्या शर्करांची नावं सात गुणांच्या उत्तरात आली नाहीत तरी चालेल, पण दहा तीन कार्बनी रेणूंपासून सहा पाच कार्बनी रेणू होतात हे वाक्य आलंच पाहिजे.

एकूण खर्च १८ एटीपी आणि १२ एनएडीपीएच. दोन्ही आकडे सारखे का नाहीत, हा छोटा प्रश्न यातूनच निघतो आणि त्याचं उत्तर आता आपोआप सुचतं: एनएडीपीएच एकाच टप्प्यात लागतो, एटीपी मात्र दोन टप्प्यांत. काही पुस्तकं ३ कार्बन डायऑक्साइडपासून सुरुवात करतात. तिथे एक पीजीएएल बाहेर पडतो आणि खर्च बरोबर निम्मा, ९ एटीपी व ६ एनएडीपीएच, होतो. दोन्ही मांडण्या योग्यच. एकाच उत्तरात दोन्हींची सरमिसळ झाली तर मात्र काहीच जुळत नाही.

श्वसनाकडे वळलं की हीच मोजणी उलट्या दिशेने चालते. ग्लायकोलायसिस पेशीद्रव्यात होतं आणि त्याला ऑक्सिजन लागत नाही. आधी २ एटीपी खर्च करून सहा कार्बनी ग्लुकोजचं फ्रुक्टोज-१,६-बिसफॉस्फेट होतं, मग त्याचे तीन-तीन कार्बनांचे दोन तुकडे होतात. या फुटीनंतर प्रत्येक ओळीला दोनने गुणायचं असतं आणि आराखडा काढताना नेमकं तेच विसरलं जातं. गुणलं, तर ४ एटीपी आणि २ एनएडीएच मिळतात. सुरुवातीचे २ वजा जाता निव्वळ लाभ २ एटीपी. शेवटी पायरुविक आम्लाचे २ रेणू, कार्बन ६. म्हणजे इथवर कार्बन डायऑक्साइड सुटलेला नाही, आणि कुणी आराखड्यात तो दाखवला असेल तर ती चूक कार्बन मोजताच उघडी पडते. पुढे तंतुकणिकेत दोन पायरुविक आम्लांचं ॲसिटिल कोएन्झाइम-ए होताना २ कार्बन जातात, क्रेब्ज चक्राच्या दोन फेऱ्यांत प्रत्येकी २ जातात. सहाही कार्बनांचा पत्ता लागला.

राहिला एटीपीच्या एकूण आकड्याचा घोळ. जुन्या पुस्तकांत एका ग्लुकोजमागे ३८, नव्या संदर्भग्रंथांत ३० ते ३२. जुना हिशेब एका एनएडीएचमागे ३ आणि एफएडीएच-२मागे २ एटीपी धरतो. १० एनएडीएचचे ३०, २ एफएडीएच-२चे ४ आणि थेट मिळालेले ४, मिळून ३८. नंतरच्या मोजमापांत हेच दर सुमारे अडीच आणि दीड निघाले, म्हणून २५, ३ आणि ४ असे ३२ होतात. पेशीद्रव्यातला एनएडीएच तंतुकणिकेत कोणत्या वाटेने शिरतो, यावर त्यातलेही दोन कमी होऊ शकतात. परीक्षेत आपल्या पाठ्यपुस्तकाचा आकडा लिहावा, पण त्याआधी एका एनएडीएचमागे किती एटीपी धरले ते एका ओळीत सांगावं. मग तपासणाऱ्याला आकडा कुठून आला ते दिसतं, आणि वेगळ्या पुस्तकातून शिकलेल्या मुलाचं उत्तरही त्याला नीट वाचता येतं.