चार दशांश मिलिमीटरची फट

खोली साधी चौकोनी होती. जुन्या घराच्या दुरुस्तीचा नकाशा होता आणि त्या खोलीच्या फरशीवर टाइल्सच्या चौकड्या भरायच्या होत्या. ऑटोकॅडमध्ये या भरण्याला हॅच म्हणतात. HATCH कमांड द्यायची, खोलीच्या आत कुठेही क्लिक करायचं, की चौकड्या भिंतीपर्यंत आपोआप भरतात. इथे चौकड्यांऐवजी सूचना आली: A closed boundary could not be determined. खोलीची कड कुठेतरी उघडी होती. मी चारही कोपरे डोळे ताणून पाहिले. सगळे जुळलेले दिसत होते.

हे का होतं, ते समजायला हॅच कसं चालतं ते पाहायला हवं. आपण क्लिक केलं की प्रोग्राम तिथून जवळच्या रेषेकडे जातो. मग अंधारात भिंतीला हात लावून चालणाऱ्या माणसासारखा रेषेच्या कडेकडेने पुढे सरकतो. जिथे दुसरी रेषा भेटते तिथे वळतो आणि फिरून निघाल्या जागी आला तरच खोली बंद मानतो. रेषा एकमेकींना ओलांडून पुढे गेल्या तरी त्याची हरकत नसते, कारण छेदबिंदूवर त्याला वळता येतं. रेषा आखूड पडली, तर मात्र हात हवेत जातो आणि चालणं तिथेच थांबतं.

ती आखूड रेषा आपल्याला का दिसत नाही, याचं उत्तर साध्या भागाकारात आहे. 12 मीटर लांबीचं घर 1920 पिक्सेल रुंदीच्या पडद्यावर पूर्ण मावलेलं असलं, तर एका पिक्सेलमध्ये सव्वासहा मिलिमीटर येतात. फट 0.4 मिलिमीटरची असेल तर ती पिक्सेलच्या सोळाव्या हिश्श्याएवढी झाली. 1:100 प्रमाणात कागदावर काढली, तर ती 0.004 मिलिमीटर होते आणि कुठल्याही पेनची रेघ तिच्याहून कितीतरी जाड असते. आकडे जुळले की नाहीत एवढंच प्रोग्राम पाहतो. पडद्यावर काय दिसतं, याच्याशी त्याला कर्तव्य नसतं.

फट शोधायला बसण्याआधी तीन साध्या गोष्टी पाहून घ्याव्यात. पहिली म्हणजे दार. प्लॅनमध्ये दाराच्या जागी भिंतीची रेषा नसते, म्हणून तिथे उंबऱ्याची एक रेषा ओढावी लागते. दुसरी, खोलीची सगळी कड पडद्यावर दिसते आहे ना? झूम करून एखादा कोपरा बाहेर गेला असेल तर हीच सूचना येऊ शकते. तिसरी, एखाद्या भिंतीचा लेयर बंद किंवा फ्रीझ केलेला नाही ना? आमच्या खोलीत हे तिन्ही ठीक होतं.

मग खरा शोध सुरू होतो. ऑटोकॅड अनेकदा सुट्या टोकांभोवती लाल वर्तुळं दाखवतं आणि REGEN दिलं की ती पुसली जातात. वर्तुळं दिसली तर काम सोपं होतं. दिसली नाहीत, किंवा कडेला इतके कोनाडे आणि कॉलम आहेत की नेमकं कुठे पाहायचं ते कळत नाही, तेव्हा निम्मं-निम्मं करत जाण्याची रीत हमखास उपयोगी पडते. खोलीच्या मधोमध, दोन्हीकडच्या भिंती ओलांडून जाणारी एक तात्पुरती रेषा ओढा आणि दोन्ही अर्ध्या भागांत हॅच करून पाहा. आमच्या खोलीत डावा भाग भरला, उजवा अडला. उजव्याचे पुन्हा आडवे दोन भाग केले. खालचा भरला, वरचा अडला. दोनच फेऱ्यांत संशय उजव्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यावर येऊन ठेपला. कडेचे चाळीस तुकडे असले तरी फट एकच असेल, तर साधारण सहा फेऱ्यांत ती हाती लागते.

आता त्या कोपऱ्यात दोन रेषांची टोकं मोजायची. ID कमांड द्यायची, एंडपॉइंट स्नॅप चालू ठेवून रेषेचं टोक पकडायचं, की त्याचे X, Y, Z आकडे समोर येतात. मी आडव्या रेषेचं टोक तपासलं तर X आला 4216. उभ्या रेषेचाही आला 4216. फट नाहीच असं वाटलं. पण त्या फाइलमध्ये आकडे दशांशाशिवाय, पूर्णांकात दाखवायची सोय ठेवलेली होती. UNITS मध्ये जाऊन लांबीची अचूकता चार दशांश स्थळांवर नेली आणि पुन्हा ID दिलं:

```
X = 4216.0000   Y = 3000.0000   Z = 0.0000
X = 4216.4000   Y = 3000.0000   Z = 0.0000
```

फट सापडली, आणि ती कशी पडली तेही त्याच आकड्यांनी सांगितलं. घराचा मूळ नकाशा फूट-इंचांत होता आणि खोली 13 फूट 10 इंच होती. मिलिमीटरमध्ये ते होतात 4216.4. जुन्या रेषा रूपांतर करून आणल्या होत्या, त्यामुळे त्यांच्यात .4 शाबूत होता. वरची भिंत मात्र नव्याने काढली होती. काढणाऱ्याने पडद्यावरचं माप वाचलं, 4216, आणि तेवढीच लांबी टाइप केली. पडद्याने गोळाबेरीज करून दाखवलेल्या आकड्यातून फट जन्माला आली आणि त्याच गोळाबेरजेमागे ती लपून राहिली.

दुरुस्ती एका मिनिटाची. कोपरा साधा असेल तर FILLET ची त्रिज्या 0 ठेवून दोन्ही रेषा निवडायच्या, त्या टोकाला टोक भिडतात. खालची भिंत 4216.4 वरच संपत होती, म्हणून वरच्या रेषेलाच तिथवर नेलं. गवंड्याच्या कामात चार दशांश मिलिमीटरने काही बिघडत नाही. नकाशातल्या सगळ्या रेषांनी मात्र एकच आकडा धरलेला हवा.

फटी अनेक असतील तर फाइलची प्रत काढून PEDIT वापरता येतं:

```
PEDIT
M     (सगळ्या रेषा निवडून एंटर)
Y     (रेषांच्या पॉलीलाइन करा)
J
0.5   (एवढ्या अंतरापर्यंतची टोकं जोडा)
```

इथे शेवटचा आकडा जपून द्यावा. तो 15 दिला, तर 12 मिलिमीटरच्या प्लास्टरच्या दोन रेषांची टोकंही एकमेकांना चिकटू शकतात आणि भिंतीचा आकार बिघडतो. जोडून झाल्यावर पॉलीलाइन निवडून प्रॉपर्टीजमध्ये Closed समोर Yes आहे का ते पाहावं. No असेल तर जोडलेली साखळी जिथे संपते तिथेच उरलेली फट असते.

HPGAPTOL हा आणखी एक मार्ग आहे. त्याची मूळ किंमत 0 असते. ती 1 केली की मिलिमीटरपर्यंतच्या फटी दुर्लक्षून हॅच भरतं. घाईत याचा उपयोग होतो, पण कड उघडीच राहते. पुढे त्याच खोलीचं क्षेत्रफळ काढणाऱ्याला किंवा मंजुरीसाठी बंद पॉलीलाइन द्यावी लागणाऱ्याला तीच फट पुन्हा आडवी येते. म्हणून काम झालं की किंमत परत 0 करावी आणि रेषा दुरुस्त करावी.

कधीकधी X आणि Y तंतोतंत जुळतात, तरी टोकं भिडत नाहीत. तेव्हा ID ने दिलेला तिसरा आकडा वाचावा. सर्व्हेच्या नकाशातून आलेल्या एखाद्या रेषेचं टोक वर उचललेलं असतं आणि प्लॅन वरूनच पाहायचा असल्याने ते दिसत नाही. प्रॉपर्टीजमध्ये त्या टोकाचा Z शून्य केला की प्रश्न मिटतो.

नवीन रेषा काढताना मी आता लांबी टाइप करून थांबत नाही. शेवटचं टोक स्नॅपने समोरच्या रेषेवरच टेकवतो आणि पूर्ण कड एका पॉलीलाइनमध्ये काढत असलो, तर शेवटी क्लिक न करता C टाइप करतो. म्हणजे शेवटचं टोक पहिल्या टोकावरच येतं, .4 सकट.