बोटीवरचा प्रथमोपचार फलक : चित्र आधी, शब्द मागून



१ ऑगस्टला बंदी उठली की प्रत्येक बोटीच्या केबिनमध्ये एक प्रथमोपचार फलक लावायचा, असं आपल्या सोसायटीत ठरलं आहे. फलक मराठी आणि इंग्रजी दोन्हीत आहे. पण आपल्या बोटींवर ओडिशा, झारखंड, कर्नाटकातली पोरं कामाला असतात. त्यातल्या बऱ्याच जणांना यातली एकही भाषा वाचता येत नाही. म्हणून चित्र एकट्याने समजलं पाहिजे, शब्द फक्त खात्रीसाठी, असं धरून आम्ही काम केलं. ते कसं केलं, हे पाकटाच्या काट्याच्या रकान्यावरून सांगतो.

पाकट (आपलं वागळं) किंवा शिंगाळ्याचा काटा लागला की वेदना भयंकर होते. यावर खरा उपाय गरम पाणी. या माशांचं विष उष्णतेने मोडतं आणि दुखणं उतरतं. त्याची आम्ही चार चित्रं केली आणि एका चित्रात एकच काम ठेवलं.

पहिल्या चित्रात शेपटीसकट पाकट आणि काटा लागलेला पाय. दुसऱ्यात बादलीतल्या पाण्यात दुसऱ्या माणसाचा हात, खाली ओळ : "आधी चांगल्या हाताने बघा". दुखऱ्या पायाला पाणी किती कढत आहे ते कळत नाही आणि कातडी भाजते. पाणी सोसवेल तेवढंच गरम हवं, ४५ अंशांच्या वर नको. तिसऱ्यात पाय बादलीत, "गरम पाण्यात ठेवा", इंग्रजीत "कीप इन हॉट वॉटर". चौथ्यात बोट धक्क्याकडे आणि पुढे दवाखाना. दुखणं थांबलं तरी जायचंच, कारण काट्याचा तुकडा आत राहतो, जखम पिकते आणि धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं.

तिसऱ्या चित्रात वेळ दाखवायला घड्याळ काढायचं असं मनात होतं. कच्चं चित्र धक्क्यावर दाखवलं तेव्हा एका खलाश्याने ते "नऊ वाजता" असं वाचलं. म्हणून घड्याळ काढून टाकलं. आता तिथे कपाळाला आठ्या असलेला चेहरा, बाण आणि शांत चेहरा आहे. खाली लिहिलं आहे : "दुखणं उतरेपर्यंत, अर्धा ते दीड तास". पाणी निवलं की पाय बाहेर काढून मगच गरम पाणी घालायचं.

"हे करू नका" म्हणून चित्रावर फुली मारायची पद्धत आहे, ती आम्ही टाळली. घाईत माणूस चित्र बघतो, फुली बघत नाही. दोरीने पाय आवळल्याचं चित्र छापलं तर कोणीतरी आवळणारच. म्हणून फलकावर फक्त करायची कामं आहेत. न करायचं तोंडी सांगू : आवळायचं नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही. छातीत, पोटात किंवा मानेत काटा रुतला असेल तर उपटायचा नाही. तसाच ठेवून किनाऱ्याकडे निघायचं.

पहिल्या चित्रात मासा मोठा काढला, त्यालाही कारण आहे. जाळ्यात समुद्री सापही येतो. त्याचा दंश बहुधा फारसा दुखत नाही, खूण बारीक असते. त्यावर गरम पाण्याचा उपयोग नाही. माणसाला हलू न देता निजवून तडक इस्पितळात न्यायचं. त्याचा रकाना वेगळा आहे, सापाच्या चित्रासकट.

ओळींचा नियम एकच : क्रियापद असलेली छोटी ओळ, बोलीतला शब्द. "रक्तस्त्रावावर दाब द्या" असं न लिहिता "घट्ट दाबून धरा" लिहिलं. इंग्रजीतही "प्रेस हार्ड". मराठी वर मोठी, इंग्रजी खाली, दोन्हींचा अर्थ तोच.

फलकावर लाल क्रॉस नाही. १९६० च्या जिनिव्हा कन्व्हेन्शन्स कायद्याप्रमाणे ती खूण परवानगीशिवाय वापरता येत नाही. आपण हिरव्यावर पांढरी अधिक-खूण घेतली आहे. अक्षरं काळी आहेत, कारण उन्हात लाल रंग लवकर उडतो. खाली मोठ्या आकड्यात : रुग्णवाहिका १०८, तटरक्षक दल १५५४, व्हीएचएफ चॅनल १६.

फलक घेऊन जाताना एक काम करा. ओळी हाताने झाका, खलाश्याला चित्रं दाखवा आणि "काय करशील?" एवढंच विचारा. जिथे तो अडखळेल, ते चित्र आम्हाला सांगा. छपाईच्या आधी ते बदलून घेऊ.