भाडेवाढीचं पत्र: आधी कलम, मग कारण

पुण्या-मुंबईत भाड्याने दिलेली बहुतेक घरं ‘लिव्ह अँड लायसन्स’ करारावर दिली जातात. करार तीन वर्षांचा असेल, तर दरवर्षी एकदा घरमालकाला भाडेवाढीचं पत्र लिहावं लागतं. संकोचामुळे म्हणा किंवा सवयीमुळे, या पत्रात कारणंच फार येतात. सोसायटीचा मेंटेनन्स वाढला, मालमत्ता कर वाढला, शेजारच्या इमारतीत जास्त भाडं मिळतं. ही सगळी कारणं खरी असली, तरी वाढ मागण्याचा हक्क त्यांतून मिळत नाही, तो करारातल्या वाढीच्या कलमातून मिळतो. म्हणून पत्राची सुरुवात त्या कलमापासून करावी.

कलम नोंदणीकृत करारात असणं महत्त्वाचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याच्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकावर असते. नोंदणी नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. ‘दरवर्षी दहा टक्के असं बोलणं झालं होतं’ एवढ्यावर भिस्त ठेवणाऱ्या मालकाची बाजू इथेच लंगडी पडते.

एक उदाहरण घेऊ. कोथरूडमधला फ्लॅट, करार १ जून २०२४ पासून ३६ महिन्यांचा, पहिल्या वर्षी भाडं दरमहा २०,००० रुपये आणि दरवर्षी पाच टक्के वाढ. दुसऱ्या वर्षी २१,००० रुपये होतात, त्यात वाद नाही. तिसऱ्या वर्षी मात्र कलमाचे शब्द बघावे लागतात. वाढ ‘चालू भाड्यावर’ असेल तर २२,०५० रुपये आणि ‘मूळ भाड्यावर’ असेल तर २२,०००. फरक पन्नास रुपयांचाच आहे, पण पत्रात हिशेब मांडलेला नसेल तर मनात शंका राहायला तेवढाही पुरतो. मुळात करार करतानाच तिन्ही वर्षांची रक्कम आकड्यांत लिहिणं सर्वांत चांगलं. मुद्रांक शुल्कही संपूर्ण मुदतीच्या भाड्यावर आकारलं जातं, त्यामुळे हा हिशेब तेव्हा करावाच लागतो.

पत्र केव्हा पाठवायचं, याचा विचार फार कमी लोक करतात. समजा, याच करारात घर सोडण्यासाठी एक महिन्याची पूर्वसूचना ठरलेली आहे आणि लॉक-इनची मुदत संपली आहे. नवं भाडं १ जूनला लागू होणार आणि भाडेकरूला ते परवडणार नसेल, तर ३१ मेला घर सोडण्यासाठी त्याला एप्रिलअखेर कळवावं लागेल. म्हणजे पत्र एप्रिलच्या मध्यापर्यंत त्याच्या हातात हवं. मेच्या शेवटच्या आठवड्यात पाठवलेलं पत्र भाषेने कितीही गोड असलं, तरी त्याला विचार करायला जागा ठेवत नाही. माझ्या मते पत्रातला सौम्यपणा शब्दांइतकाच या वेळेतही असतो.

मजकूर असा असू शकतो:

‘नमस्कार. आपल्या नोंदणीकृत कराराच्या भाडेवाढीच्या कलमानुसार १ जून २०२६ पासून भाडं चालू भाड्यावर पाच टक्क्यांनी वाढेल. सध्याचं भाडं २१,००० रुपये, वाढ १,०५० रुपये, नवं भाडं दरमहा २२,०५० रुपये. डिपॉझिट आणि इतर अटी आहेत तशाच राहतील. यंदा सोसायटीचा मेंटेनन्स वाढला आहे, तो मीच भरत आहे. तुम्ही घर नीट ठेवता आणि भाडं वेळेवर देता, याची मला जाणीव आहे. काही अडचण असेल तर जरूर फोन करा.’

कारण इथे एका वाक्यात आलं आहे आणि तेवढं पुरे. वाढ पाच टक्के ठरलेली असताना बाजारभाव सांगून आठ टक्के मागता येत नाहीत. करार अकरा महिन्यांचा असेल, किंवा वाढीचं कलमच नसेल, तर परिस्थिती बदलते. मुदतीत भाडं वाढवायचं तर दोघांची संमती लागते. मुदत संपल्यावर जे पाठवायचं तो नव्या कराराचा प्रस्ताव असतो. तिथे बाजारभाव, कर, रंगकाम यांबद्दल बोलणं रास्त आहे, आणि भाडेकरूने घासाघीस करणंही तितकंच रास्त. मुंबईतल्या जुन्या चाळींतल्या भाडेकरूंची गोष्ट वेगळी. त्यांना याच कायद्यातली वर्षाला चार टक्के वाढ लागू होते.

काही मालक चांगल्या भाडेकरूसाठी एखाद्या वर्षाची वाढ सोडतात. तेही लेखी कळवावं, आणि पुढच्या वर्षीची वाढ प्रत्यक्ष घेतलेल्या भाड्यावर धरायची की करारानुसार झालं असतं त्या भाड्यावर, हे त्याच पत्रात लिहावं.