‘आय ॲम ॲग्री’मध्ये चुकतं काय?

‘सर, आय ॲम ॲग्री विथ यू.’ कार्यालयातल्या बैठकीत, मुलाखतीत, महाविद्यालयातल्या गटचर्चेत हे वाक्य हमखास कानावर पडतं. बोलणाऱ्याला काय म्हणायचंय ते ऐकणाऱ्याला नीट कळतं, म्हणून कुणी अडवत नाही. पण वाक्य चूक आहे. ‘आय ॲग्री विथ यू’ एवढंच म्हणायचं असतं, मधल्या ‘ॲम’ला तिथे जागा नाही. का नाही, हे एकदा कळलं की याच जातीच्या अनेक चुका एकदम सुटतात.

आधी ही चूक येते कुठून ते पाहू. आपण मराठीत म्हणतो, ‘मी तुमच्याशी सहमत आहे.’ यातला ‘सहमत’ हा शब्द क्रियापद नाही, विशेषण आहे. नुसत्या विशेषणावर वाक्य उभं राहत नाही, म्हणून त्याला ‘आहे’चा आधार लागतो. आता शब्दाला शब्द ठेवत गेलो तर ‘मी’ म्हणजे ‘आय’, ‘आहे’ म्हणजे ‘ॲम’ आणि ‘सहमत’ म्हणजे ‘ॲग्री’. वाक्य तयार! घोळ शेवटच्या जोडीत झाला. ‘सहमत’ विशेषण आहे आणि ‘ॲग्री’ क्रियापद. अर्थ जुळला, पण शब्दाची जात जुळली नाही. ‘ॲग्री’चा खरा जोडीदार हवा असेल तर तो ‘सहमत असणे’ हा आहे. म्हणजे ‘असणे’ त्याच्या पोटातच आहे, ते पुन्हा बाहेरून लावायचं कारण नाही.

ही चूक फक्त आपलीच नाही. स्पॅनिश माणूस ‘एस्तॉय दे आकुएर्दो’ म्हणतो, फ्रेंच माणूस ‘झ स्वी दाकॉर’ म्हणतो. दोन्हींत ‘मी आहे’ या अर्थाचं क्रियापद आहे. त्यामुळे इंग्रजी शिकताना त्यांच्याही तोंडी ‘आय ॲम ॲग्री’ येतं. याचा बुद्धीशी संबंध नाही. आपल्या भाषेचा साचा नकळत दुसऱ्या भाषेवर बसवला जातो, एवढंच.

आता इंग्रजीचा नियम. ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ हे शब्द वर्तमानकाळ सांगतात. ‘आय ॲग्री’मधला ‘ॲग्री’ही वर्तमानकाळच सांगतो. काळ सांगायचं काम इंग्रजी वाक्यात एकाच क्रियापदाकडे असतं. ‘आय ॲम ॲग्री’मध्ये ते काम करायला दोघं उभे राहतात आणि वाक्य मोडतं. ‘ॲम’नंतर विशेषण चालतं: ‘आय ॲम शुअर’, ‘आय ॲम रेडी’. नाम चालतं: ‘आय ॲम अ टीचर’. क्रियापद आणायचंच असेल तर त्याचं रूप बदलावं लागतं: ‘आय ॲम गोइंग’ किंवा ‘आय ॲम इन्व्हायटेड’. मूळ रूपातलं क्रियापद मात्र ‘ॲम’नंतर बसत नाही. ‘आय ॲम गो’ हे आपल्या कानाला लगेच खटकतं. ‘आय ॲम ॲग्री’ नेमकं तसंच आहे, फक्त सवयीमुळे खटकत नाही.

मग एखादा इंग्रजी शब्द क्रियापद आहे की विशेषण, हे बोलण्याच्या ओघात ओळखायचं कसं? शब्दकोशात ते दिलेलं असतं, पण बैठकीत शब्दकोश उघडता येत नाही. इथे आपली रोजची मिश्र मराठी मदतीला येते. आपण इंग्रजी शब्द मराठीत घेतो तेव्हा विशेषणाला ‘आहे’ लावतो: ‘मी बिझी आहे’, ‘मी फ्री आहे’, ‘मी शुअर आहे’. क्रियापदाला बहुधा ‘करणे’ लावतो: ‘मी ॲग्री करतो’, ‘मी सपोर्ट करते’, ‘मी अपलोड करतो’. ‘मी बिझी करतो’ असं कुणी म्हणत नाही. म्हणजे व्याकरणाचा हा भेद आपल्या जिभेला आधीच माहीत आहे. मनात ‘मी ॲग्री करतो’ असं आलं की ‘ॲम’ गाळायचं, ‘मी शुअर आहे’ असं आलं की ‘ॲम’ ठेवायचं.

या युक्तीला मर्यादा आहेत. ‘ते पावसावर डिपेंड आहे’ असं आपण सर्रास म्हणतो, आणि मग ‘इट इज डिपेंड ऑन रेन’ असं चुकीचं इंग्रजी बोलतो. ‘डिपेंड’ क्रियापद आहे, म्हणून ‘इट डिपेंड्स’ हवं. ‘मी कन्फ्यूज आहे’ म्हणताना शेवटचा ‘ड’ आपण गिळतो. इंग्रजीत ‘आय ॲम कन्फ्यूज्ड’ म्हणावं लागतं.

अशा वेळी दुसरी, अधिक पक्की कसोटी वापरावी. ‘आय’च्या जागी ‘शी’ घाला आणि शब्दाला ‘स’ जोडून पाहा. ‘शी ॲग्रीज’, ‘इट डिपेंड्स’ हे जमतं, तेव्हा ती क्रियापदं. ‘शी बिझीज’, ‘शी शुअर्स’ असं म्हणून ‘ती बिझी आहे’, ‘तिला खात्री आहे’ हे अर्थ निघत नाहीत, तेव्हा ती इथे विशेषणं.

एक उदाहरण पूर्ण सोडवू. समजा, कुणी वरिष्ठांना लिहिलं: ‘आय ॲम ॲग्री विथ यू, बट आय ॲम नॉट ॲग्री विथ द डेट. आर यू ॲग्री?’ पहिल्या भागातलं ‘ॲम’ काढलं की ‘आय ॲग्री विथ यू’ हे वाक्य सरळ होतं. नकार करताना मात्र नुसतं ‘ॲम’ काढून भागत नाही. क्रियापदाचा नकार इंग्रजीत ‘डू’च्या मदतीने होतो, म्हणून ‘आय डोन्ट ॲग्री’. प्रश्नालाही तेच लागू होतं: ‘आर यू ॲग्री?’ नव्हे, ‘डू यू ॲग्री?’ भूतकाळात ‘आय वॉज ॲग्री’ नव्हे, ‘आय ॲग्रीड’. आणि सहमतीवर जोर द्यायचा असेल, तर ‘आय डू ॲग्री’.

‘मी आत्ता सहमत आहे’ म्हणून ‘आय ॲम ॲग्रीइंग’ म्हणावं का? सहसा नाही. ‘ॲग्री’ मनाची स्थिती सांगतं, चालू असलेली कृती नव्हे. ‘नो’ आणि ‘बिलीव्ह’ यांचंही तसंच आहे, म्हणून ‘आय ॲम नोइंग’ म्हणत नाहीत.

‘ॲग्री’च्या कुळातले काही शब्द मात्र ‘ॲम’ किंवा ‘आर’बरोबर बरोबर ठरतात. ‘वी आर ॲग्रीड’ म्हणजे आमचं एकमत झालं आहे. ‘इट वॉज ॲग्रीड’ म्हणजे असं ठरलं. ही रूपं सभेच्या इतिवृत्तात दिसतात. इथे ‘ॲग्री’चं रूप ‘ॲग्रीड’ झालं आहे, म्हणून नियम मोडत नाही. ‘आय ॲम इन ॲग्रीमेंट विथ यू’ हेही शुद्ध आहे, कारण ‘ॲग्रीमेंट’ हे नाम आहे. पण ते जरा औपचारिक वाटतं. रोजच्या बोलण्यात ‘आय ॲग्री’ पुरेसं आहे.

तेव्हा पुढच्या वेळी ‘सहमत’ हा शब्द मनात आला, तर त्याच्या जागी ‘मला पटतं’ आणा. त्यात ‘आहे’ नाही, ‘पटतं’ हे स्वतःच क्रियापद आहे. तिथून ‘आय ॲग्री’ आपोआप येईल आणि ‘ॲम’ वाटेत येणार नाही.