फॉल लागलेली साडी परत येते तेव्हा

२,४०० रुपयांची साडी चार दिवसांनी परत येते. दिव्याखाली मोरपंखी वाटलेला रंग घरी उन्हात हिरवट दिसतो आणि ताईंना पैसे हवे असतात. बिलावर छापलंय: सात दिवसांत बदल, रोख परतावा नाही.

चांगला विक्रेता लगेच बिलाकडे बोट दाखवत नाही. तो आधी साडी उजेडात उलगडतो. विणीत दोष असेल, तर बिलावरची ती ओळ निरुपयोगी ठरते. सदोष माल परत घ्यायला नकार देणं २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारप्रथा आहे.

इथे दोष नाही, फॉल-पिको झालंय, पण ब्लाउजपीस अजून कापलेला नाही. सगळं त्यावरच ठरतं. तो कापला की साडी पुन्हा पूर्ण किमतीला विकता येत नाही.

"ताई, रोख देता येणार नाही. पण साडीचे पूर्ण २,४०० धरून दुसरी घ्या. फॉलचे १५० तेवढे सुटतील, कारण ते काम झालंय. आज पसंत पडली नाही, तर तीन महिन्यांची चिठ्ठी देतो."

नकार पहिल्याच वाक्यात येतो, हे मला फार मोलाचं वाटतं. "मालकांना विचारतो" म्हणून खोटी आशा लावली, की ग्राहकाचा हेलपाटा वाढतो आणि रागही. दुसरी साडी मात्र दारात, उन्हात नेऊनच दाखवावी.