आखूड पायांचा पणजोबा

छायाचित्रातल्या गावठी कुत्र्याचे पाय आखूड दिसले, की त्याच्या पूर्वजांत डॅशहुंड असावा असा तर्क आपण करतो. तो कितपत खरा?

एफजीएफ-४ या जनुकाची एक जादा प्रत पाय आखूड करते, हे २००९ साली आढळले. ती आईबापांपैकी एकाकडून आली तरी पुरते. समजा, पणजोबा डॅशहुंड होता. त्याच्याजवळ अशा दोन प्रती. मुलाला एक नक्की मिळेल, नातवाला मिळण्याची शक्यता १/२ आणि पणतूला १/४. म्हणजे चार पणतूंपैकी सरासरी तिघांचे पाय लांबच! डॅशहुंडचा वाटा मात्र चौघांतही सुमारे १/८.

शिवाय हीच प्रत कॉर्गी व बॅसेट हाउंड यांच्यातही असते. म्हणून छायाचित्रावरून एवढेच म्हणता येते, की पूर्वजांत कोणी आखूड पायांचा असावा. तो कोण, हे नाही.